वर्षाचा मसाला: अख्खा घ्यायचा की दळलेला, भेसळ कशी बघायची, किती भरायचा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मार्च लागला की नातेवाइकांच्या ग्रुपवर हेच प्रश्न फिरायला लागतात, म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. भर मिरची, हळद आणि धन्यावरच आहे कारण घरातला तीन चतुर्थांश मसाला याच तीन गोष्टींचा असतो आणि भेसळही इथेच जास्त होते. हिशोब चार माणसांच्या, रोज दोन वेळा स्वयंपाक होणाऱ्या घराचा धरलाय.

सगळंच अख्खं आणून दळायचं का? नोकरी करून हे जमणार कसं?

सगळं नाही. मी दोनच गोष्टी बघते. एक म्हणजे दळल्यावर वास किती लवकर उडतो, आणि दुसरी, पावडरमध्ये काही मिसळलं तर आपल्याला कळेल का. धने, जिरे, मिरी, वेलची यांचा सगळा जीव त्यांच्या तेलात असतो आणि दळलं की ते तेल उडायला लागतं, धनेपूड दोन-तीन महिन्यांत भुशासारखी लागते आणि जिरेपूड तर त्याच्याही आधी. म्हणून हे अख्खेच ठेवायचे आणि लागेल तसे मिक्सरवर काढायचे, दहा मिनिटांचं काम आहे. हळदीचं उलट, तिचा वास आणि रंग पावडरमध्येही वर्षभर बऱ्यापैकी टिकतो, फक्त उजेड लागू द्यायचा नाही, पण हळदीत भेसळ सर्रास होते म्हणून हळकुंड आणून दळलेलं बरं. मिरची दोन्हीच्या मध्ये आहे, रंग साधारण सहा-आठ महिन्यांत उतरायला लागतो आणि भेसळीचा धोका सगळ्यात जास्त. तेव्हा वेळ एकाच गोष्टीसाठी असेल तर तो मिरचीला द्या. बाकी पाकिटातलं आणलं तरी चालेल.

मिरची कुठली घ्यायची?

एकच जात घेऊन रंग आणि तिखटपणा दोन्ही मिळत नाही. ब्याडगी रंगाला, ती कर्नाटकातल्या हावेरी भागातली, सुरकुतलेली, लांब, तिखटपणा फार कमी. तिखटासाठी गुंटूरची किंवा लवंगी. संकेश्वरी मधली, चवीला छान, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात तिच्याशिवाय तिखट होतच नाही. काश्मिरी म्हणून बाजारात जे मिळतं त्यात बऱ्याचदा ब्याडगीच असते, त्यामुळे काश्मिरीच्या भावाने ब्याडगी घेऊ नका, दुकानदाराला सरळ विचारा माल कुठून आलाय. विदर्भात भिवापुरी मिळते, तिला जीआय मानांकन आहे, तिकडचे असाल तर तीच घ्या, बाहेरून मागवायची गरज नाही.

आमच्याकडे साडेतीन किलोत दोन किलो ब्याडगी, एक किलो संकेश्वरी आणि अर्धा किलो लवंगी असतं. घरात लहान मुलं किंवा ॲसिडिटीवाले असतील तर लवंगी पाव किलोवर आणा आणि तेवढी ब्याडगी वाढवा. वजन तेच राहतं म्हणजे हिशोब बिघडत नाही.

अख्खी मिरची बघताना नक्की काय बघायचं?

पोत्याच्या वरच्या मिरच्या बघून काही कळत नाही, मधून मूठभर काढायला सांगा. गुंटूर, लवंगी नीट वाळलेली असेल तर हलवल्यावर बी खुळखुळतं आणि मोडली की कडकन तुटते. ब्याडगी जरा चिवटच असते पण हाताला गार, ओलसर लागता कामा नये. वजन वाढवायला मिरचीवर पाणी मारतात, आणि त्यात पाण्याचे पैसे जातात हा लहान तोटा, मोठा तोटा म्हणजे तीच मिरची घरी आणून ठेवली की आतून बुरशी धरते. म्हणून चार-पाच मिरच्या उभ्या फाडून आत बघाच. आतली बाजू पिवळट-केशरी आणि कोरडी हवी, राखाडी-काळपट जाळं दिसलं तर ते पोतं सोडून द्या. बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होऊ शकतं, ते ऊन दाखवून किंवा भाजून जात नाही, त्यामुळे "जरा उन्हात टाका, जाईल सगळं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

पांढरी पडलेली मिरची, बाजारात तिला फटकी म्हणतात, ती स्वस्त मिळते. मूठभरात एखाद-दुसरी चालते, पण अख्खा लॉटच तसा असेल तर तिखटाला रंग येणार नाही. आणि मिरची फारच चकचकीत, तेल लावल्यासारखी दिसत असेल तर तेलात भिजवलेला कापूस वरून चोळून बघा, कापूस भडक लाल झाला तर वरून रंग दिलेला असण्याची दाट शक्यता आहे. फाटलेली मिरची चोळू नका, आतला तिचा स्वतःचा रंगही तेलात उतरतो.

वर्षाला किती तिखट लागतं? कोणी दोन किलो सांगतं, कोणी पाच.

दोघंही बरोबर असतील, घर वेगळं आहे. दुसऱ्याचा आकडा घेण्यापेक्षा दोन आठवडे मोजा, एवढं सोपं आहे. मिसळणाच्या डब्यातली तिखटाची वाटी किचनच्या काट्यावर ठेवा, वजन लिहा, मध्ये भर घातली तर तीही लिहा, आणि चौदा दिवसांनी परत वजन करा.

समजा चौदा दिवसांत १०५ ग्रॅम तिखट संपलं. म्हणजे रोजचं साडेसात ग्रॅम, साधारण तीन सपाट चहाचे चमचे. वर्षाचं झालं २,७०० ग्रॅमच्या थोडं वर. आता मे महिन्यात आणि दिवाळीत मिळून वीस दिवस घर बंद असेल तर दीडशे ग्रॅम वजा करा. लोणचं, पाहुणे, गणपती, पापड यांचे तीनशे ग्रॅम वाढवा. झालं साधारण २,९०० ग्रॅम तयार तिखट. पण मिरची तेवढीच आणून चालत नाही, देठ जातात, वाळवताना ओल जाते, डंकावर थोडं सांडतं-उडतं, म्हणून बारा-पंधरा टक्के घट धरायची. २,९०० ला ०.८७ ने भागलं की ३,३३३ ग्रॅम येतात, म्हणून साडेतीन किलो मिरची. देठ काढलेली मिरची आणलीत तर सव्वातीन किलोत भागेल, फक्त तिचा भाव जास्त असतो आणि देठाच्या जागी तोंड उघडं राहिल्याने ओल लवकर शिरते.

एक गोष्ट लोक विसरतात. घरात कांदा-लसूण मसाला किंवा मालवणी मसाला रोज वापरत असाल तर त्यात मिरची आहेच, म्हणून मोजताना तो डबाही काट्यावर ठेवा आणि त्याची मिरची वेगळी धरा, नाहीतर दोन्ही भरपूर होतात आणि पुढच्या मार्चला जुनं तिखट तसंच पडलेलं असतं.

हळद, धने, जिरे किती?

याच पद्धतीने मोजा, पण अंदाज हवाच असेल तर चार माणसांना हळद वर्षाला एक किलो पुरते, रोज चमचाभर धरून. एक किलो पावडरीला सव्वा किलो हळकुंड आणा म्हणजे घट धरून थोडी उरेल, ती लोणच्याला आणि हळदीकुंकवाला. धने दीड किलो आणि जिरे एक किलो, गोडा मसाला घरी करत असाल तर त्याचे धने वेगळे, ते यात धरू नका कारण गोड्या मसाल्यात सगळ्यात जास्त धनेच जातात. मोहरी अर्धा ते पाऊण किलो. मिरी, लवंग, दालचिनी, वेलची यांना वर्षाचा हिशोब लावूच नका, पन्नास-शंभर ग्रॅम आणा, संपलं की परत. ही महागाची वस्तू आहे, डब्यात पडून वास घालवून बसण्यात अर्थ नाही.

एकदाच दळून आणू की दोनदा?

दोनदा. एप्रिलमध्ये दिवाळीपर्यंतचं, म्हणजे वरच्या हिशोबात सोळाशे-सतराशे ग्रॅम निघेल एवढी मिरची दळा, उरलेली अख्खी ठेवा आणि दिवाळीनंतर ऊन कडक असताना पुन्हा एक दिवस वाळवून दळा. फेब्रुवारीत भाजीला जो रंग येतो त्यात फरक स्पष्ट दिसतो. अट एकच, अख्खी मिरची पावसाळ्यात सादळू द्यायची नाही. कडक वाळलेली मिरची जाड प्लास्टिक पिशवीत, हवा काढून, तोंड घट्ट बांधून आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल आणि घरात ओल फार असेल तर मात्र सगळं एकदम दळून फ्रिजमध्ये ठेवलेलं परवडतं, तिथे अख्खी मिरची टिकवणं खरंच कठीण आहे.

डंकावर नेण्याआधी आणि नंतर काय काळजी घ्यायची?

वळवाचा पाऊस यायच्या आत काम उरका. मिरची दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून, वर सुती कापड टाकून वाळवायची आणि संध्याकाळी आत घ्यायची, रात्रभर बाहेर राहिली की दव लागून दिवसभराचं वाळवण वाया जातं. देठ वाळवण झाल्यावर काढा, कडक मिरचीचे देठ पटकन निघतात.

डंकावर आधी कोणाचं काय दळलं हे विचारायला लाजू नका. आधी कोणाची हळद झाली असेल तर तुमचं तिखट पिवळट येईल, गरम मसाला झाला असेल तर वर्षभर आमटीला लवंगेचा वास. आपल्या आधी कोणाची तरी मिरचीच असेल असा नंबर बघून घ्यावा, आणि पहिली दोन-तीन मुठी निघालेली पावडर वेगळ्या पिशवीत घ्यावी, ती आधी संपवायची. घरात कोणाला शेंगदाणे, तीळ किंवा मोहरीची ॲलर्जी असेल तर सामाईक डंकावर दळूच नका, आत काय अडकून राहिलंय सांगता येत नाही.

दळलेलं तिखट गरम असतं. तसंच बरणीत भरलं तर आत वाफ धरते, गुठळ्या होतात आणि मग बुरशी. घरी आल्यावर परातीत किंवा पेपरवर कापड टाकून तीन-चार तास पूर्ण गार होऊ द्या, मग भरा. कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत, दाबून, मध्ये हिंगाचे खडे. रोजच्या वापराला महिन्याभराचं वेगळं काढा म्हणजे मोठी बरणी सारखी उघडली जात नाही.

लाल तिखटात भेसळ आहे का ते घरी कसं कळतं?

पाण्याची टेस्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे समजून घ्या. काचेच्या ग्लासात साधं, गार पाणी घ्या, वर चमचाभर तिखट भुरभुरवा, ढवळू नका. चांगलं तिखट वर तरंगत राहतं, हळूहळू खाली बसतं, पाणी थोडं केशरी होतं. खाली उतरताना लाल रेघांसारखे रंगाचे धागे सुटले तर पाण्यात विरघळणारा रंग घातलेला आहे. मग खाली बसलेला गाळ दोन बोटांत चोळा, कचकच लागली तर विटेची भुकटी किंवा माती, साबणासारखं गुळगुळीत लागलं तर शंखजिऱ्याची पूड.

आता न कळणारा भाग. सुदान नावाचे रंग, जे मेणाला, पॉलिशला वापरतात, ते पाण्यात विरघळतच नाहीत, तेलात विरघळतात. २००३ मध्ये युरोपात भारतातून गेलेल्या मिरचीच्या मालात सुदान १ सापडला आणि तेव्हापासून तिथे तपासणी कडक झाली. असं तिखट पाण्याच्या टेस्टमध्ये अगदी व्यवस्थित पास होतं. तेलात टाकून बघू म्हणाल तर मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच उतरतो, त्यामुळे तिथेही फरक कळत नाही, हा रंग फक्त लॅबमध्ये सापडतो. म्हणून टेस्ट पास झाली एवढ्यावर सुटं तिखट शुद्ध आहे असं समजू नका. टेस्टमध्ये नापास झालं तर ते अजिबात वापरू नका, पास झालं तर फक्त काही भेसळी नाहीत एवढंच कळलं.

अजून एक प्रकार फार बोलला जात नाही. मिरचीतून रंग आणि तिखटपणाचा अर्क काढून घेणारे मोठे कारखाने आहेत, अर्क काढल्यावर जो चोथा उरतो तो दळून, रंग देऊन तिखटात मिसळला जातो. तो मिरचीचाच असल्याने गाळात काही सापडत नाही. ओळखायचं नाकाने आणि जिभेने, रंग भडक पण ठसका नाही, फोडणीत टाकल्यावर वास उठत नाही. अर्थात निव्वळ ब्याडगीचं तिखटही कमी तिखट असतं, पण तिला एक गोडसर, भरलेला वास असतो, चोथ्याला काहीच नसतो.

हळदीत शिसं असतं म्हणतात, खरं आहे का?

सगळ्या हळदीत नाही, पण गोष्ट खरी आहे आणि या पानावरची सगळ्यात गंभीर हीच. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लेड क्रोमेट नावाचा पिवळा रंग घालतात, त्यात शिसं असतं. बांगलादेशात २०१९ मध्ये यावर संशोधन प्रसिद्ध झालं, लोकांच्या रक्तातल्या शिशाचा माग हळदीपर्यंत गेला, आणि मग सरकारने बाजारात धाडी टाकल्या, दंड केले. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावरही, थोडं थोडं रोज गेलं तरी.

हळदीची पाण्याची टेस्ट अशीच, गार पाण्यात चमचाभर टाकून न हलवता ठेवायची. खऱ्या हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, ती खाली बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी भडक पिवळं झालं तर मेटॅनिल यलोसारखा रंग असू शकतो. पण लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, हळदीबरोबर खाली बसून जातो, त्यामुळे पावडरीत तो या टेस्टला भरवशाने सापडत नाही. आणि आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च बघायची टेस्ट फिरते ती हळदीला लावूच नका, हळदीत मुळातच स्टार्च असतो, शुद्ध हळदही निळी होते.

म्हणूनच हळकुंड. हा रंग पॉलिश करताना हळकुंडालाही वरून लावतात, पण तिथे निदान दिसतं. हळकुंड मोडा. आतून गडद केशरी, मेणासारखी चमक आणि टणक असेल, वरून जरा मळकट असेल तर उत्तम. वरून चमकदार पिवळं आणि आतून फिकट असेल तर घेऊ नका. दोन हळकुंडं पाण्यात टाका, वरचा पिवळा लेप लगेच सुटून पाण्यात उतरला तर तो माल परत. सांगलीची, वायगावची आणि वसमतची हळद या तिन्हींना जीआय आहे, नवा माल फेब्रुवारीपासून मेपर्यंत बाजारात असतो. हळकुंड मिक्सरवर दळायचा प्रयत्न करू नका, पातं जातं, खलबत्त्यात फोडून डंकावरच द्या.

धने-जिऱ्यात काय बघायचं?

धने हातात चोळले की वास आला पाहिजे, आला नाही तर जुने. हिरवट-पिवळसर धने ताजे, फारच हिरवेगार असतील तर शंका घ्या. धनेपूड विकत घेतलीच तर पाण्यावर भुरभुरवा, वर भुसा तरंगत राहतो का बघा, थोडा टरफलाचा भाग राहणारच. जिरे तळहातावर जोरात चोळा, हात काळा झाला तर गवताच्या बियांना कोळशाची पूड लावलेली आहे.

मिरी, लवंग, दालचिनी?

मिरीत पपईच्या वाळलेल्या बिया घालतात, पाण्यात टाका, पपईच्या बिया तरंगतात आणि भरलेली मिरी बुडते. पोकळ, हलकी मिरीही तरंगते, म्हणून तरंगलेला दाणा फोडून आणि वास घेऊन बघा. लवंगही पाण्यात बुडायला हवी, तेल काढून घेतलेली लवंग हलकी होऊन वर राहते, आणि चांगल्या लवंगेचं डोकं नखाने दाबलं की तेल सुटतं. दालचिनी म्हणून आपल्याकडे बहुतेक ठिकाणी जाड सालीचा कॅशियाच मिळतो, खरी दालचिनी कागदासारखी पातळ, अनेक पदरी असते. मसाल्यात कॅशिया चालतो. पण कोणी रोज दालचिनीचं पाणी पीत असेल तर पातळवालीच घ्या, कॅशियात कुमारिन जास्त असतं आणि ते रोज, जास्त प्रमाणात यकृताला चांगलं नाही.

हिंगात मैदा असतो ही भेसळ आहे का?

नाही. डबीतला हिंग हा बांधणीचा असतो, त्यात गव्हाचं पीठ, डिंक वगैरे घालून तीव्रता कमी केलेली असते आणि ते डबीवर लिहिलेलं असतं. गहू न चालणाऱ्यांनी मात्र ते वाचूनच घ्या.

पाकिटातलं घ्यायचं ठरलं तर काय बघू?

कायद्याने दळलेले मसाले सुटे विकताच येत नाहीत, पॅक करूनच विकायचे असतात. त्यामुळे ओळखीच्या दुकानातल्या उघड्या पोत्यातलं तिखट कितीही स्वस्त असलं तरी नको. पाकिटावर एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना नंबर, पॅकिंगची तारीख आणि बॅच नंबर हवा. मिरची पावडरमध्ये दोन टक्क्यांपर्यंत खाद्यतेल घालायला परवानगी आहे, पण ते लिहिलेलं पाहिजे. रंग घालायला परवानगी नाही. तारीख तीन महिन्यांच्या आतली बघा आणि शंभर-दोनशे ग्रॅमचंच पाकीट घ्या, दोन माणसांच्या घराला किलोचं पाकीट स्वस्त पडत नाही, अर्धं संपेपर्यंत उरलेल्याचा वास गेलेला असतो.

भेसळीची शंका आली तर तक्रार कुठे करायची?

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे. पाकीट टाकून देऊ नका, बिल, बॅच नंबर आणि उरलेला माल तसाच बंद करून ठेवा. आपल्याला स्वतःलाही तपासून घेता येतं, २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडे नमुना देऊ शकतो आणि भेसळ निघाली तर ती फी परत मिळते. त्याची एक अट आहे, विकत घेताना दुकानदाराला सांगावं लागतं की हे तपासणीसाठी घेतोय. पाच-दहा घरं मिळून एकाच व्यापाऱ्याकडून वर्षाची हळद घेत असाल तर एका नमुन्याची फी वाटून घ्या आणि लेड क्रोमेटची तपासणी मुद्दाम मागा, आमच्या सोसायटीत आम्ही असंच करतो, रिपोर्ट आल्यावरच बाकीची ऑर्डर.